पैजेचे दोन लाख आणि विट्याचं कोर्ट

समजा, विट्याजवळच्या माळावर बैलगाडी शर्यतीचं मैदान भरलंय. सगळ्या परवानग्या काढलेल्या आहेत, बक्षिसं जाहीर झालेली आहेत. फायनलचा फेरा सुटायच्या आधी तासगावचा एक द्राक्षबागायतदार आणि विट्याचा एक ट्रकमालक यांच्यात जुंपते. कोणती बैलजोडी पहिली येणार, यावर दोन लाखांची पैज लागते. बागायतदाराकडे तेवढी रोकड नसते. शेजारी उभा असलेला त्याचा मित्र म्हणतो, "घे माझ्याकडचे पन्नास हजार, आपली जोडी आज हरत नाही." एक मध्यस्थही पुढे येतो. दोघांत बोलणी घालून देतो आणि जिंकणाऱ्याकडून पाच हजार घेईन असं आधीच सांगून ठेवतो.

बागायतदाराची जोडी दुसरी येते.

तो मित्राचे पन्नास हजार तिथल्या तिथे ट्रकमालकाला देऊन टाकतो. राहिले दीड लाख. दुसऱ्या दिवशी ट्रकमालक घरी येतो, शंभराच्या स्टँप पेपरवर मजकूर लिहून घेतो: "मला घरगुती अडचण असल्याने आपणाकडून रुपये दीड लाख हातउसने रोख मिळाले, सहा महिन्यांत परत करीन." शेतकऱ्याची सही होते, खाली जामीनदार म्हणून मेहुण्याची सही होते आणि दीड लाखाचा एक चेकही हातात पडतो. सहा महिने उलटले. पैसे आले नाहीत.

हा प्रसंग कल्पित आहे. पण असली कागदपत्रं घेऊन लोक वकिलाकडे जातात आणि त्यांना वाटतं, सही आहे, चेक आहे, जामीनदार आहे, मग अडचण कसली? अडचण मोठी आहे. आणि आपल्या भागात ती देशातल्या बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त मोठी आहे.

आधी मूळ पैजेचं बघू. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 30 मध्ये दोन गोष्टी सांगितल्यात. एक, पैजेचा करार शून्य आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो झालेलाच नाही. दोन, पैजेत जिंकलेली रक्कम मागण्यासाठी दावा लावता येणार नाही. पैजेच्या निकालावर द्यायची म्हणून तिऱ्हाइताकडे ठेवलेली रक्कम जिंकणाऱ्यालाही कोर्टातून मागता येणार नाही. म्हणजे ट्रकमालकाने खरं सांगून, "आमची पैज लागली होती, मी जिंकलो, माझे दीड लाख द्या," असा दावा लावला तर तो पहिल्याच पायरीवर संपतो. साक्षीला अख्खं मैदान आणलं तरी उपयोग नाही.

पण पैज कशाला म्हणायचं, हे नीट ठरवावं लागतं. पुढे काय होणार हे माहीत नसलेल्या घटनेवर दोन जण पैसे लावतात. घटना एका बाजूने झाली की एक जिंकतो आणि दुसरा हरतो. आणि त्या जिंकण्या-हरण्यापलीकडे दोघांचाही त्या घटनेत काही संबंध नसतो. हे सगळं जुळलं तर पैज. शेवटची अट महत्त्वाची. घराला आग लागली तर विमा कंपनी पैसे देते, तीही अनिश्चित घटनाच आहे. पण घर माझं असतं, ते जळलं तर माझं नुकसान होणारच असतं. म्हणून विमा ही पैज ठरत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागेल का, यावर मी पैसे लावले तर ती ठरेल.

"दोघांपैकी एक जिंकणार, दुसरा हरणार" ही अट किती काटेकोरपणे बघतात, हे कुस्तीच्या एका खटल्यात दिसतं. तो 1931 साली मुंबई हायकोर्टाच्या निकालांत छापला गेला. दोन पैलवानांनी पुण्यात लढायचं ठरवलं. जो आखाड्यात उतरणार नाही त्याने दुसऱ्याला 500 रुपये द्यायचे आणि जो जिंकेल त्याला तिकिटांच्या पैशातून 1125 रुपये मिळायचे. एक जण आलाच नाही. दुसऱ्याने 500 रुपयांचा दावा लावला. न आलेला पैलवान म्हणाला, ही तर पैज होती, करारच शून्य आहे. कोर्टाने ते मानलं नाही. जिंकणाऱ्याचे पैसे प्रेक्षकांकडून येणार होते, हरणाऱ्याच्या खिशातून काही जाणार नव्हतं. 500 रुपये तर निकालाशी बांधलेलेच नव्हते. ते शब्द मोडल्याबद्दल होते. दावा टिकला.

हाच नियम आपल्या माळावर लावा. शर्यतीच्या समितीने जाहीर केलेलं बक्षीस ही पैज नाही, कारण कोणती जोडी पहिली आली तरी समितीला ते द्यायचंच असतं. तिला जोड्यांच्या हारजितीत काही मिळत नाही किंवा गमवावं लागत नाही. कडेला उभ्या असलेल्या दोघांनी लावलेले दोन लाख मात्र शुद्ध पैज. एकच शर्यत, एकच निकाल. समितीने बक्षीस बुडवलं तर गाडीमालक कोर्टात जाऊ शकतो, ट्रकमालक जाऊ शकत नाही.

कायदा असा का झाला, हे समजून घ्यायला 1848 मध्ये जावं लागतं. तोवर इथे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात पाटण्याच्या अफूला सरासरी काय भाव मिळेल, यावर व्यापाऱ्यांनी पैज लावली होती. भांडण मुंबईहून त्या काळच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, म्हणजे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. कौन्सिलने सांगितलं की इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याप्रमाणे पैज चालते आणि तो कायदा इथे लागू आहे. इंग्लंडच्या संसदेने मात्र 1845 सालीच आपल्याकडे पैजेचे दावे बंद केले होते, फक्त ती बंदी हिंदुस्थानापर्यंत आलेली नव्हती. मग 1848 सालीच इथेही 21 क्रमांकाचा कायदा करून तसे दावे बंद केले गेले. करार कायद्याचं कलम 30 हे त्याच कायद्याचं पुढचं रूप.

गंमत अशी की इंग्लंडने आपला नियम 2005 च्या जुगार कायद्याने काढून टाकला. 2007 पासून तिथे पैजेचा पैसा कोर्टात मागता येतो. आपल्याकडे तो दीडशे वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही.

व्यापारी लोक मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. पैज कोर्टात चालत नाही ना? मग पैजेवर दावा लावायचाच नाही. दलालाने दलालीवर लावायचा, पैसे पुरवणाऱ्याने उसन्यावर लावायचा, जामीनदाराला जामिनावर धरायचं. 1848 च्या कायद्याने फक्त पैज शून्य केली होती, तिच्या अवतीभवतीचे हे करार तसेच उभे होते. हे बघून मुंबई इलाख्यात 1865 साली तिसऱ्या क्रमांकाचा कायदा झाला. त्यात म्हटलं की पैज लावायला, घडवून आणायला किंवा पार पाडायला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला कोणताही करार, तोंडी असो की लेखी, शून्य. पैजेसाठी दिलेलं तारण आणि जामीनही शून्य. अशा व्यवहारातली दलाली, फी, बक्षिसी मागायला कोर्टाचं दार बंद.

बाकी देशात असा कायदा सरसकट नव्हता, आणि त्याने केवढा फरक पडतो ते सुप्रीम कोर्टाच्या 1959 च्या एका निकालात दिसतं. हापूरच्या बाजारात गव्हाच्या भावावर सट्टा खेळायला दोन कुटुंबांनी भागीदारी केली. तोटा आला. एकाने सगळा तोटा भरला आणि दुसऱ्याकडे त्याचा वाटा मागितला. दुसरा म्हणाला, सगळा व्यवहारच पैजेचा होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैज शून्य आहे, पण बेकायदा नाही. कायदा तिला हात देत नाही, तिच्यावर बंदीही घालत नाही. म्हणून पैजांसाठी केलेली भागीदारी टिकते आणि वाटा द्यावा लागेल. मुंबईचा 1865 चा कायदा वेगळा आहे, हेही त्याच निकालात येऊन गेलं.

विटा आणि तासगाव त्या काळी सातारा जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होते. दक्षिण सातारा 1949 साली वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. जिल्ह्याचं नाव बदललं, 1865 चा कायदा राहिला. आता आपल्या गोष्टीतली माणसं एकेक करून बघू.

मित्राने पन्नास हजार दिले ते पैज लावण्यासाठीच, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. किंबहुना त्यानेच चढवलं. हा प्रसंग 1865 सारखा कायदा नसलेल्या राज्यात घडला असता तर मित्राला निदान बाजू मांडायला जागा होती: मी पैज लावली नाही, मी उसने दिले. इथे ती जागा नाही. जाणूनबुजून पैजेला हातभार लावणारा करार म्हणून त्याचं उसनंही शून्य. पण हेच पन्नास हजार त्याने आठवडाभर आधी, "द्राक्षाच्या औषधाला पाहिजेत" म्हणून दिले असते आणि शेतकऱ्याने ते परस्पर पैजेत घातले असते, तर मित्राचा दावा टिकला असता. कायद्यात "जाणूनबुजून" हा शब्द आहे आणि अशा दाव्यात उलटतपासणीचा बहुतेक वेळ त्या एका शब्दावरच जातो. कधी दिले, कुठे दिले, तेव्हा काय बोलणं झालं, फोनवर काय मेसेज आहेत.

मध्यस्थाच्या पाच हजारांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. दलाली मागता येत नाही, तो पैजेचा पक्षकार असो वा नसो.

मेहुण्याचा जामीन सगळ्यात जास्त समजावून सांगावा लागतो, कारण आपल्याकडे जामीनदाराला भीती फार असते. सोसायटीच्या कर्जाला सही करून पस्तावलेली माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे सही केली म्हणजे भरावंच लागणार असं वाटतं. पैजेच्या देण्याला दिलेला जामीन मात्र 1865 च्या कायद्याने थेट नाव घेऊन शून्य केलाय. मेहुण्याकडे वसुलीचा दावा चालणार नाही. फक्त एक पूर्वअट आहे: ते देणं पैजेचं होतं हे कोर्टासमोर यायला हवं. स्टँप पेपरवर तर "घरगुती अडचणीसाठी हातउसने" असं लिहिलंय.

खरी लढाई या कागदावर होते. ट्रकमालक काही मूर्ख नाही. तो दाव्यात पैजेचं नावही घेणार नाही. तो म्हणणार, मी उसने दिले, हा कागद, ही सही. एकदा लिहून दिलं की त्याविरुद्ध तोंडी बोलता येत नाही, असा समज गावात पक्का आहे. कायदा तसा नाही. लेखी कराराच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत हे खरं. पण त्या कराराला मोबदलाच नव्हता, किंवा तो कायद्याने शून्य ठरणाऱ्या व्यवहारातून आला, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो. म्हणून शेतकरी आपल्या कैफियतीत सांगू शकतो की दीड लाख मला कधी मिळालेच नाहीत, हे पैजेचं देणं आहे. जुन्या शून्य देण्यावर नवा कागद केला म्हणून ते जिवंत होत नाही.

सांगणं सोपं, पटवणं अवघड. कागदाची तारीख मैदानाच्या दुसऱ्याच दिवसाची आहे, ही एक खूण. ट्रकमालकाच्या खात्यातून त्या सुमारास दीड लाख निघालेलेच नाहीत, ही दुसरी. "शर्यतीचे राहिलेले कधी देतोस" असा मेसेज सापडला तर बरंच काम होतं. मैदानात पैज लागताना ऐकलेले दोन साक्षीदार उभे राहिले तर आणखी बरं, पण गावात साक्षीला उभं राहणं म्हणजे एका घराशी वैर घेणं, त्यामुळे ऐनवेळी माणसं गप्प होतात. आणि यातलं काहीच नसेल तर न्यायाधीशासमोर उरतो तो फक्त सही असलेला कागद. खरोखर उसने घेतलेले पैसे बुडवण्यासाठी "ती पैज होती" म्हणणारेही असतात, त्यामुळे नुसतं म्हणणं कोर्ट ऐकून सोडून देतं. ते योग्यही आहे.

चेकचं प्रकरण त्याहून नाजूक, कारण तिथे दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी तक्रारही येते. चेक वटला नाही तर बँकेकडून तसं कळल्यापासून 30 दिवसांत ट्रकमालकाने लेखी नोटीस पाठवायची असते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यानंतर महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात म्हटलंय की चेक "कायद्याने वसूल करता येण्याजोग्या" देण्यासाठी दिलेला असला पाहिजे. पैजेचं देणं तसं नसतं. म्हणून ते पैजेचं आहे हे दिसलं तर गुन्हाच होत नाही.

मेख कलम 139 मध्ये आहे. चेकवरची सही मान्य असली की कोर्ट असं धरून चालतं की चेक खऱ्या देण्यासाठीच दिला होता. ते खोडायचं काम आरोपीचं. दिलासा एवढाच की त्याला ते फौजदारी खटल्यातल्या सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे इतकं दाखवलं तरी पुरतं. ट्रकमालकाला विचारता येतं: दीड लाख रोख कुठून आणले, कोणासमोर दिले, आयकराच्या विवरणात दाखवले का? 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेऊ नये, असा आयकराचा नियम आहे. तो मोडला गेला हे दाखवलं की खटला जिंकला, असं मात्र समजू नये. सुप्रीम कोर्टाने अलीकडेच स्पष्ट केलंय की तेवढ्यामुळे कर्ज खोटं किंवा वसूल न होणारं ठरत नाही.

इथे लोक एक गोष्ट हमखास बिघडवतात. नोटीस आली की ती घडी करून कपाटात ठेवतात, किंवा वकिलाकडून "सर्व मजकूर खोटा व नाकबूल" असं दोन ओळींचं उत्तर पाठवतात. वर्षभराने साक्षीच्या वेळी पैजेची गोष्ट पहिल्यांदा बाहेर येते आणि न्यायाधीशाला ती नंतर सुचलेली वाटते. पैज होती तर कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानात, कितीची, कोणासमोर, हे नोटिशीच्या पहिल्याच उत्तरात असावं. मात्र उत्तर लिहिण्याआधी वकिलाशी एका गोष्टीवर बोलावं: सार्वजनिक जागी पैज लावणं हा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, 1887 खाली गुन्हा ठरू शकतो आणि आपण लेखी कबुली देत असतो. दीड लाखाच्या चेकसमोर तो धोका बहुतेकांना छोटा वाटतो, पण तो माहीत असून पत्करलेला बरा.

राहिले ते मैदानातच दिलेले पन्नास हजार. शेतकऱ्याला कोणीतरी सांगतं की करार शून्य आहे, मग दिलेले परत माग. ते मिळत नाहीत. पैज शून्य आहे हे दोघांनाही आधीपासून माहीत असल्याचं धरलं जातं आणि स्वतःहून चुकते केलेले पैसे कोर्ट परत मिळवून देत नाही. 1865 चा कायदाही अशा व्यवहारात "दिलेल्या किंवा द्यायच्या" दोन्ही रकमांचे दावे बंद करतो. ज्याच्या हातात पैसे आहेत त्याच्याच हातात राहतात. उरलेल्या दीड लाखांसाठी ट्रकमालक जसा अडकतो, तसाच पन्नास हजारांसाठी शेतकरी.

सांगलीच्या हळद बाजारातल्या लोकांना इथे प्रश्न पडेल की मग भावावर केलेले सौदे? पुढच्या महिन्यात अमुक भावाने इतकी पोती देतो, असा सौदा झाला आणि दोघांपैकी एकाच्या जरी मनात माल खरंच द्यायचा-घ्यायचा असेल तर ती पैज नाही, मग नंतर माल न हलवता फरकावर मिटवलं तरी चालतं. पोती कधी हलणारच नाहीत, फक्त भावातला फरक द्यायचा, हे दोघांनीही पहिल्यापासून धरलेलं असेल तर कागदावर कितीही क्विंटल लिहिले तरी तो आपल्या ट्रकमालकाचाच व्यवहार. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे वायदे वेगळे, त्यांना स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. अडत्याच्या दुकानात चिठ्ठीवर झालेल्या सौद्यात मात्र कोर्ट विचारतं की या दोघांनी आधी कधी माल उचललाय का, गोदाम किंवा पेव कोणाकडे आहे, आणि लिहिलेला माल घ्यायची ऐपत घेणाऱ्याकडे होती का.